अंगावरून पाणी जाणे (गर्भारपण)

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत योनीतून पातळ, रंगहीन द्रव येण्याला बोलीभाषेत असे म्हणतात. हा द्रव लघवी असू शकतो, नेहमीचा पांढरा स्राव असू शकतो किंवा पाणमोट फुटून आलेले गर्भजलही असू शकते. पाणमोट एकदम फुटली तर पाण्याचा लोंढा येतो आणि शंका उरत नाही. घोळ होतो तो पिशवीला वरच्या बाजूला बारीक फट पडली की. तेव्हा बाळाचे डोके बुचासारखे खाली बसते आणि पाणी थोडे थोडे झिरपते.

ठाण्यातल्या अडतीस आठवड्यांच्या एका गरोदर बाईचे उदाहरण घेऊ. स्टेशनचा जिना चढताना खोकला आला आणि कपडा ओला झाला. सासूबाई म्हणाल्या, “लघवी असेल, या दिवसांत होतेच.” अंदाज वावगा नव्हता, कारण गर्भाशयाचा भार मूत्राशयावर पडतो. पण लघवी खोकल्या-शिंकण्यापुरती निसटते आणि तिला उग्र वास येतो. पांढरा स्राव दाटसर व चिकट असतो, तो ओघळत नाही. बाईने लघवी करून घेतली, स्वच्छ पांढरा सुती कपडा लावला आणि अर्धा तास डाव्या कुशीवर पडून राहिली. उठताच पुन्हा पाणी ओघळले. झोपल्यावर योनीत साचलेले गर्भजल उभे राहताच असे बाहेर येते. कपड्यावर फिकट पिवळसर ओल होती, लघवीचा वास नव्हता. (जेल असलेला सुगंधी पॅड इथे निरुपयोगी, तो ओल शोषतो आणि वासही झाकतो.)

घरची ही तपासणी संशयापुरतीच. कपडा कोरडा राहिला तरी पाणी पुन्हा जाणवल्यास दवाखाना गाठावा. तिथे डॉक्टर योनी उघडून आत पाहण्याचे साधन, म्हणजे स्पेक्युलम, लावून खोकायला सांगतात. आत पाणी साचलेले दिसले की निदान जवळपास पक्के. नायट्राझिनची पट्टी गर्भजलाने निळी होते, कारण योनी आम्लधर्मी असते आणि गर्भजल किंचित अल्कधर्मी. मात्र रक्त, वीर्य किंवा जंतुसंसर्गानेही पट्टी निळी होऊ शकते. सोनोग्राफीत पाणी पुरेसे दिसले म्हणून गळती नाही असे ठरत नाही. कळा नसताना बोटांनी आतून तपासणी टाळतात, कारण त्याने संसर्गाचा धोका वाढतो. घरीही आत काही घालू नये, संबंध ठेवू नयेत.

दिवस भरलेले असतील तर बहुतेकींना २४ तासांत कळा सुरू होतात. ३७ आठवड्यांआधी पाणी गेल्याचा नुसता संशय असला, तरी कपड्याची परीक्षा करत बसू नये, लगेच निघावे. पाणी हिरवट, तपकिरी, रक्ताळलेले किंवा दुर्गंधीयुक्त असेल, ताप असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तरीही तसेच. योनीत नाळ लागली तर गुडघे व छाती टेकून, कंबर उंच ठेवून १०८ ला फोन करावा. नाळ आत ढकलू नये.