दुकानातून फुटलेला पासवर्ड बँकेपर्यंत कसा पोहोचतो

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेची कल्पना करू. राजवाड्याजवळच्या एका साडीच्या दुकानाने संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा महेश्वरी साडी मागवण्यासाठी काकूंनी तिथे खाते उघडले आणि Indore@1978 असा पासवर्ड ठेवला. त्यात मोठे अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत; संकेतस्थळाने तो ‘मजबूत’ म्हणून हिरव्या पट्टीसह स्वीकारला. लक्षात राहायला सोपा म्हणून काकूंनी तोच पासवर्ड आपल्या जीमेलला आणि नेटबँकिंगलाही दिला. आजवर त्यांनी तो कुणालाही सांगितलेला नाही, कागदावरही लिहून ठेवलेला नाही. तरीही तो चोराच्या हाती लागू शकतो आणि त्यात काकूंच्या फोनला किंवा संगणकाला कुणी हात लावण्याचीही गरज पडत नाही.

चोर सुरुवात दुकानापासून करतो. बँकेच्या संगणकांवर पहारा देणारी माणसे असतात. छोट्या दुकानाचे संकेतस्थळ मात्र कुणीतरी एकदा बनवून दिलेले असते आणि त्यानंतर त्याच्या दुरुस्त्या वर्षानुवर्षे राहून जातात. अशा एखाद्या त्रुटीतून चोर आत शिरतो आणि ग्राहकांची यादी उतरवून घेतो. त्या यादीत नाव, पत्ता, मोबाइल, ई-मेल आणि पासवर्डचा ‘हॅश’ असतो. हॅश म्हणजे ठरावीक गणिती प्रक्रियेतून पासवर्ड गेल्यावर तयार होणारी अक्षरांची ओळ. उदाहरणार्थ, 123456 या पासवर्डचा एसएचए-१ या जुन्या पद्धतीने काढलेला हॅश असा दिसतो:

```
7c4a8d09ca3762af61e59520943dc26494f8941b
```

गिरणीतून आलेल्या पिठाचा जसा पुन्हा गहू करता येत नाही, तसा या ओळीवरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही. पण तेच धान्य दळले की दर वेळी तंतोतंत तेच पीठ मिळते, आणि चोराला तेवढे पुरते. तो अंदाजाने पासवर्ड तयार करतो, प्रत्येकाचा हॅश काढतो आणि चोरलेल्या यादीशी ताडून पाहतो. शहराचे नाव, एक चिन्ह आणि एक सन ही घडण लोकांच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती चोराच्या यादीत अगदी वरच असते. पाच हजार गावांची नावे, दहा चिन्हे आणि शंभर वर्षे धरली, तर सगळ्या जोड्या मिळून पन्नास लाख होतात. एसएचए-१ सारख्या जलद पद्धतीचे हॅश खेळांसाठी विकले जाणारे एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी काढू शकते. म्हणजे काकूंचा ‘मजबूत’ पासवर्ड सापडायला एक सेकंदही लागत नाही. बीक्रिप्टसारख्या मुद्दाम मंद ठेवलेल्या पद्धतींनी हे काम कितीतरी पटींनी लांबते हे खरे, पण दुकानदाराने कोणती पद्धत वापरली आहे हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो. काही ठिकाणी तर हॅशही न करता पासवर्ड जसाच्या तसा साठवलेला असतो. रॉकयू या अमेरिकी कंपनीचे ३ कोटींहून अधिक पासवर्ड २००९ मध्ये अशाच उघड्या स्वरूपात बाहेर आले होते.

आता चोराच्या हाती ई-मेल पत्ता आणि पासवर्ड अशी जोडी आहे. ती एक प्रोग्रॅम ओळीने अनेक संकेतस्थळांवर वापरून पाहतो. हजारात एकच जोडी लागू पडली, तरी दहा लाखांच्या यादीतून हजार खाती उघडतात. तीन-चार वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खाते बंद करण्याची जी सोय असते, ती इथे कामाची नाही, कारण चोर अंदाज करतच नसतो. तो पहिल्याच प्रयत्नात बरोबर पासवर्ड टाकतो आणि संगणकाच्या दृष्टीने काकूच आत आलेल्या असतात. याच कारणामुळे, पासवर्ड वीस अक्षरांचा असला तरी तो एका ठिकाणी उघडा पडला की बाकीच्या ठिकाणी त्याच्या लांबीचा उपयोग उरत नाही. संगणकाच्या व्यवसायातली माणसेही यातून सुटलेली नाहीत. ड्रॉपबॉक्स या कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केले की इतर संकेतस्थळांवरून चोरलेले पासवर्ड वापरून तिच्याकडील काही खाती उघडली गेली होती आणि त्यातले एक खाते कंपनीच्याच कर्मचाऱ्याचे होते.

या तिन्ही खात्यांत लोक बँकेला सर्वाधिक जपतात, पण माझ्या मते जपायला हवे ते ई-मेल. जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळावर ‘पासवर्ड विसरलात?’ असा दुवा असतो आणि त्यावर दाबले की नवा पासवर्ड ठरवण्याचा मार्ग बहुधा ई-मेलवर येतो. म्हणून ज्याच्या हाती ई-मेल, त्याला इतर बऱ्याच खात्यांचे जुने पासवर्ड माहीत असण्याचीही गरज राहत नाही.

बँकेच्या बाबतीत एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर उगाच घबराट होईल. भारतात ऑनलाइन पैसे पाठवताना पासवर्डखेरीज आणखी एक खात्री लागते. बहुधा मोबाइलवर येणारा ओटीपी. काही बँका तर आत शिरतानाच तो मागतात. त्यामुळे पासवर्ड मिळाला म्हणजे लगेच खाते रिकामे झाले असे होत नाही. पण जिथे नुसत्या पासवर्डवर आत जाता येते, तिथे शिल्लक, शेवटचे व्यवहार, ठेवी हे सारे चोराला दिसते. काही ई-मेलमध्येच सापडते. मग काकूंना फोन येतो: ‘मॅडम, बँकेतून बोलतोय, मंगळवारी तुमचे विजेचे बिल अमुक रुपयांचे गेले ना? त्यात गडबड दिसते आहे, आलेला नंबर सांगा.’ आकडा बरोबर असतो, वारही बरोबर असतो, आणि एरवी सावध असलेले माणूस अशा वेळी ओटीपी सांगून बसते.

यावरचा उपाय ई-मेलपासून सुरू करावा. ई-मेलचा पासवर्ड वेगळा आणि लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द चालतील, मात्र ते म्हण किंवा अभंगाची ओळ नसावेत. त्याच बैठकीत ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करावे, म्हणजे नुसत्या पासवर्डवर कुणी आत येऊ शकणार नाही. त्यानंतर बँकेचा पासवर्ड बदलावा आणि मग सवडीने दुकानांचे. जुन्याच पासवर्डच्या शेवटी दुकानाचे किंवा बँकेचे नाव जोडणे म्हणजे वेगळा पासवर्ड नव्हे; चोराचा प्रोग्रॅम ती युक्ती आधीच करून पाहतो. इतके पासवर्ड लक्षात राहणार नाहीत, तेव्हा ते पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवावेत. वहीला नाके मुरडणारे बरेच भेटतील, पण दूरदेशी बसलेल्या चोराला रामबागेतले कपाट उघडता येत नाही.

आपला ई-मेल पत्ता एखाद्या ज्ञात चोरीत बाहेर आला आहे का, हे haveibeenpwned.com या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या संकेतस्थळावर पाहता येते. तिथे पत्ता तेवढा टाकायचा, पासवर्ड नाही. तिथे नाव नसले म्हणजे निर्धास्त असे मात्र नाही, कारण छोट्या दुकानातली चोरी पुष्कळदा दुकानदारालाही कळत नाही. जीमेल संगणकावर उघडून अगदी खाली उजवीकडे Details वर दाबले, तर अलीकडे खाते कुठून उघडले गेले ते दिसते. त्याहून महत्त्वाची तपासणी म्हणजे सेटिंगमधले Forwarding and POP/IMAP आणि Filters and Blocked Addresses हे दोन भाग. आत शिरलेला चोर पुष्कळदा तिथे असा नियम लावून ठेवतो की बँकेकडून आलेले प्रत्येक पत्र त्याच्याकडे जावे आणि काकूंच्या समोरून नाहीसे व्हावे. पासवर्ड बदलल्याने हा नियम जात नाही. आपण न लावलेला असा काही नियम तिथे दिसला, तर तो स्वतः काढावा लागतो.