मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर: फॉर्म ३१ आणि संमतीचा कागद

गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक वारला असेल तर ते चालत नाहीत, कारण सही करणारा माणूसच नसतो. वारसासाठी फॉर्म ३१ आहे. मयताने आधी सही करून ठेवलेले कोरे फॉर्म वापरून गाडी परस्पर विकायचा सल्ला कोणी देत असेल, तर तिथून उठावे.

एक उदाहरण घेऊ. तासगाव तालुक्यातल्या एका गृहस्थांचे ५ जूनला मिरजेच्या दवाखान्यात निधन झाले. मागे आई, पत्नी, मुलगा आणि लग्न झालेली मुलगी. एमएच १० ची मोटारसायकल मुलाला हवी आहे.

पहिला गोंधळ मृत्यूच्या दाखल्याचा. मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे होते, त्यामुळे गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटा न घालता दाखला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत काढायचा. त्यावरचे नाव आरसी बुकाशी जुळते का, हे तिथेच पाहून घ्यावे.

मग वारस ठरवायचे. इथेच फाईल अडकते. हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगा, मुलगी यांच्याबरोबर मयताची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस आहे; वडील नाहीत. घरचे नेमके आजीला आणि सासरी गेलेल्या मुलीला विसरतात. या कुटुंबात वारस दाखल्यावर चार नावे हवीत. मुलाने स्वतःचे प्रतिज्ञापत्र करायचे आणि उरलेल्या तिघींनी गाडीचा नंबर लिहून नोटरीसमोर संमतिपत्र द्यायचे. आरसीवर नॉमिनीचे नाव आधीच असेल, तर काम बरेच सोपे होते. ही सोय २०२१ पासून आहे, पण फार थोडे लोक ती वापरतात.

यासोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, अर्जदाराचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा लागतो. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आणावा. थकलेली ई-चलने आधी भरावीत. फी दुचाकीला १५० आणि मोटारीला ३०० रुपये. स्मार्ट कार्डाचे पैसे वेगळे. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर भरायचा. आरसीला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जाऊ शकतो, म्हणून वडिलांचे सिम घाईने बंद करू नये.

मुदत दोन टप्प्यांची. मृत्यूची आणि गाडी आपण वापरणार असल्याची माहिती ३० दिवसांत, म्हणजे ५ जुलैपर्यंत आरटीओला लेखी द्यावी व पोच घ्यावी. फॉर्म ३१ तीन महिन्यांत, ५ सप्टेंबरच्या आत. विमा पॉलिसीही मृत्यूनंतर तीन महिनेच, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच टिकते. म्हणून दाखल्याची एक प्रत त्याच आठवड्यात विमा कंपनीकडेही द्यावी.

गाडी ठेवायची नसेल तरी ती आधी वारसाच्या नावावर होते, मग फॉर्म २९-३० वर पुढच्या गिऱ्हाइकाला.