जरवथन की वारोथी? काल्पनिक राज्याचं नाव जिभेवर कसं बसतं

मराठीत फँटसी कादंबऱ्या लिहू पाहणारी नवी मंडळी हल्ली भेटतात, त्यांची हस्तलिखितं वाचायला मिळतात आणि मनापासून आनंद होतो. पण त्यातल्या बऱ्याच जणांचा एक पक्का समज असतो, की राज्याचं नाव जितकं अवघड तितकं ते प्राचीन आणि भारदस्त वाटतं. मग पहिल्याच पानावर एखादं ‘जरवथन’ उभं राहतं. वाचक त्यावरून नजर फिरवतो, ‘ते ज वालं राज्य’ अशी मनाशी खूण करतो आणि पुढे जातो. दुसऱ्या दिवशी मित्राला पुस्तकाबद्दल सांगताना त्याला ते नाव आठवत नाही, कारण त्यानं ते मनातसुद्धा कधी उच्चारलेलंच नसतं.

नवा शब्द लक्षात राहण्याची वाट उच्चारातून जाते. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली कार्यस्मृतीचं, म्हणजे हातातलं काम करताना माहिती थोडा वेळ धरून ठेवणाऱ्या स्मृतीचं, एक प्रारूप मांडलं. त्यातला एक भाग फक्त ध्वनी सांभाळतो. कानावर पडलेला किंवा मनात वाचलेला शब्द तिथे जेमतेम काही क्षण टिकतो आणि मनातल्या मनात पुन्हा म्हटला तरच ताजा राहतो. साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणून होतं तेवढंच तिथे मावतं, असं पुढच्या वर्षीच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे नाव लांबलं किंवा उच्चारताना अडखळायला झालं, की फेरी पूर्ण होण्याआधीच त्याची सुरुवात पुसट होऊ लागते.

हा ध्वनिकप्पा नेमका कशासाठी आहे, हे एका इटालियन महिलेमुळे फार स्पष्ट झालं. संशोधनात तिची ओळख पी. व्ही. या आद्याक्षरांनीच आहे. मेंदूला झालेल्या इजेमुळे तिचा हा कप्पा निकामी झाला होता, पण बोलणं, समजणं आणि दीर्घकालीन स्मृती चांगली होती. बॅडली, पापान्यो आणि वालार यांनी 1988 साली तिच्यावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्या तिनं इतरांसारख्याच सहज पाठ केल्या. पण इटालियन शब्दाबरोबर अनोळखी रशियन शब्दाची जोडी आली, की वारंवार ऐकवूनही ती तिला शिकता येईना.

या निकालात कादंबरीकारासाठी मोठी गोष्ट दडलेली आहे. ओळखीचे शब्द अर्थाच्या वाटेनं लक्षात राहतात, तर कोऱ्या शब्दाला ध्वनीची अरुंद वाट पार करावी लागते. कादंबरीमालिकेचं नाव आणि राज्याचं नाव ही म्हणून दोन वेगळी कामं आहेत. मालिकेचं नाव वाचक दुकानात मागतो, मैत्रिणीला फोनवर सांगतो. ते ओळखीच्या, डोळ्यांसमोर येणाऱ्या शब्दांचं असावं, जोडी तेवढी अनपेक्षित असावी. समजा, ‘मिठाचा बुरूज’. एकदा ऐकलं तरी राहतं, आणि ‘मिठाच्या बुरुजाचा दुसरा भाग आला का?’ असं विचारताना जीभ कुठेही अडत नाही. नवा शब्द राज्यासाठी राखून ठेवावा, कारण ते नाव वाचकाला शेकडो वेळा भेटणार असतं.

आता जरवथनकडे वळू. देवनागरी जशी लिहितात तशी वाचतात असं आपण शाळेत शिकतो, पण मराठीत ते पूर्ण खरं नाही. अक्षरात लपलेला ‘अ’ आपण बऱ्याच ठिकाणी गिळतो. चिमणी लिहितो आणि चिम्णी म्हणतो, परभणी लिहितो आणि पर्भणी म्हणतो. लासलगाव मात्र लासल्-गाव होतं, कारण शेवटी गाव आहे हे आपल्याला ठाऊक असतं. कुठला अ गिळायचा हे शब्दाच्या ओळखीवर आणि त्याच्या जोडावर ठरतं, आणि काल्पनिक नावाची तर ओळखच नसते. त्यामुळे एक वाचक जर्-वथन म्हणेल, दुसरा जरव्-थन. त्यात सुरुवातीचा ज. पाण्याच्या जगमधला ज वेगळा आणि आपण राहतो त्या जगातला वेगळा, पण लिपीत दोन्ही एकच. दोन गुणिले दोन, म्हणजे एका नावाचे चार उच्चार झाले. प्रत्येक वेळी वेगळा उच्चार मनात आला तर ध्वनिकप्प्यात एकच ठसा गडद होत नाही, चार फिकट ठसे उमटतात.

शिवाय मराठीत नाव तसंच्या तसं वापरता येत नाही, त्याला विभक्ती लागते. साताऱ्यात, पुण्यात, कोल्हापुरात, मिरजेत. मग जरवथनात म्हणायचं की जरवथनेत? नावाचं लिंग वाचकाला माहीत नाही, आणि लेखकानंही ठरवलेलं नसतं. मी पाहिलेल्या हस्तलिखितांत लेखक अशा वेळी सगळीकडे ‘मध्ये’ लावून मोकळे होतात आणि संवाद ताठर होतात.

दुरुस्ती अवघड नाही. लपलेल्या अ ऐवजी लिहून दाखवता येणारे स्वर घ्यायचे, कारण काना, मात्रा, वेलांटी कोणी गिळत नाही. ज काढायचा, किंवा ठेवायचाच असेल तर त्यापुढे इ-ई द्यायची, तिथे उच्चाराची शंका उरत नाही. पण ‘जिरोवानी’ करून पाहिलं तर जिरे आणि जिरवणे कानात येतं, तेव्हा ज सोडलेलाच बरा. उरलेल्या र, व, थ मधून ‘वारोथी’ होतं. तीनच अक्षरं, जोडाक्षर एकही नाही. शेवटी ई असल्यानं सांगली-परभणीसारखं ते स्त्रीलिंगी वाटतं आणि वारोथीत, वारोथीहून, वारोथीकर अशी सगळी रूपं मूळ नावाला धक्का न लावता होतात. शेवटची वेलांटी दीर्घच असते, म्हणून ऐकून लिहिणाराही तिथे चुकत नाही.

याला मर्यादा आहे. सगळीच नावं इतकी गुळगुळीत केली तर ती एकमेकांत मिसळतात. मानसशास्त्रज्ञ आर. कॉनरॅडनं 1964 साली दाखवलं, की डोळ्यांनी पाहिलेली अक्षरंसुद्धा लोक आठवताना सारख्या आवाजाच्या अक्षरांशी गल्लत करतात. म्हणून राज्य वारोथी असेल तर राजधानी वारोणी आणि सेनापती वारोध नको. एखादं जोडाक्षर जरूर वापरावं, पण ते क्वचित येणाऱ्या पात्राला द्यावं.

काही जण नाव अंकशास्त्राकडून ‘शुभ’ करून घेतात, जादा अक्षर घुसवतात. हे आकडे बहुतेक वेळा रोमन अक्षरांना चिकटवलेले असतात. स्पेलिंग बदललं की बेरीज बदलते, उच्चार मात्र तोच राहतो. वाचकाच्या स्मृतीचा त्या बेरजेशी काहीही संबंध नाही, आणि देवनागरीत घुसवलेलं जादा अक्षर तर उच्चार बिघडवतं.

नाव उतरलं की नाही हे तपासायला पाच-सहा वाचक पुरेत. नाव आधी कानावर पडू न देता त्यांना एकेकट्यानं एक पान मोठ्यानं वाचायला द्यावं आणि ध्वनिमुद्रण करावं. त्या पानात नाव निदान तीन वेगवेगळ्या विभक्तींत आलेलं असावं. सगळ्यांचा उच्चार एक येतो का, पहिल्या वेळी कुठे थबकतात, आणि ‘त्या राज्यात’ असं म्हणून नाव टाळतात का, हे ऐकावं. दुसऱ्या दिवशी कागद न दाखवता राज्याचं नाव विचारावं आणि लिहूनही घ्यावं. दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली, तर बहुतेक वेळा दोष त्यांच्या स्मरणशक्तीत नसतो, एखाद्या लपलेल्या अ मध्ये असतो. तो शोधून तिथे स्वर लिहावा आणि नव्या वाचकांकडून पुन्हा वाचून घ्यावं. जुने वाचक आता चालत नाहीत, त्यांच्या कानात आधीचं नाव बसलेलं असतं.