नागलीच्या सत्त्वाची पेज (शिशुआहार)

बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीने देण्याचे मऊ, घट्टसर अन्न. मोड आणून वाळवलेल्या नागलीच्या पिठापासून ते करतात. महाराष्ट्रात इतरत्र या धान्याला नाचणी म्हणतात. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांत मात्र ‘नागली’ हेच नाव रूढ आहे. तेथे ती राब भाजून तयार केलेल्या रोपवाटिकेतून लावणीने घेतली जाते. मोठ्यांच्या आहारातील भाकर व आंबील सर्वपरिचित आहेत.

धान्याचे मूळ. एकोणिसाव्या शतकात काही वनस्पतिशास्त्रज्ञ नागली मूळची भारतीय मानत. पुढे गुणसूत्रांच्या अभ्यासातून तिचे रानटी पूर्वज पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातील असल्याचे दिसून आले आणि आज हेच मत अधिक ग्राह्य धरले जाते. ती भारतात केव्हा आली, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. कर्नाटकातील हल्लूर येथील उत्खननात मिळालेले दाणे नागलीचे म्हणून इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे नेले गेले होते. मात्र जळालेले बारीक भरडधान्य ओळखण्यात चूक सहज होते. पुढील फेरतपासणीत अशा अनेक जुन्या नोंदींवर शंका घेतली गेली, त्यामुळे या तारखा सावधपणेच घ्याव्यात.

‘सत्त्व’ शब्दाचे दोन अर्थ. शिशुआहाराच्या दृष्टीने खरा गोंधळ येथे आहे. एका पद्धतीत नागली सुमारे 12 तास भिजवतात, ओल्या फडक्यात बांधून एक-दीड दिवस मोड येऊ देतात आणि सावलीत खडखडीत वाळवतात. मग चोळून व पाखडून मोड काढतात, दळतात आणि बारीक चाळणीने चाळतात. दुसऱ्या पद्धतीत भिजवलेली किंवा मोड आलेली नागली पाण्यात वाटून फडक्यातून गाळतात, पाणी निवळू देतात, वरचे पाणी ओतून देतात आणि तळाशी बसलेला साका वाळवतात. दोन्हींना सत्त्वच म्हणतात, पण पदार्थ निराळे आहेत. दुसऱ्यात प्रामुख्याने पिष्ट उरते. प्रथिने आणि खनिजे यांचा बराच भाग चोथ्यात व ओतून दिलेल्या पाण्यात जातो. रंगावरून ओळख पटते: चाळलेले पीठ तांबूस-करडे असते, तर साक्याचे सत्त्व फिकट, जवळजवळ पांढरे. पांढरे सत्त्व पचायला हलके म्हणून घरोघरी पसंत केले जाते, परंतु बाळासाठी पहिले अधिक योग्य.

मोडांचे कार्य. साध्या नागलीचे पीठ शिजताना पाणी शोषून फुगते. थोड्या पिठातही पेज दाट होते, म्हणून घरात पाणी वाढवले जाते आणि बाळाच्या पोटात अन्नापेक्षा पाणीच अधिक जाते. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ घालूनही पेज वाहती राहते. मोड आणलेली नागली आणि मूग यांच्यापासून कमी दाट होणारा शिशुआहार तयार करण्याचे काम म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत 1980 च्या सुमारास झाले. बडोद्यातही त्या दशकात मोडाच्या थोड्या पिठाने घट्ट लापशी पातळ करण्यावर संशोधन झाले.

हे विकर उष्णतेने निकामी होते. वाळवलेले दाणे सुवासासाठी खमंग भाजले, किंवा पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले, तर मोड आणण्याचा हा फायदा बहुतांशी वाया जातो. म्हणून पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवावे. बरे साधले असेल तर पेज आधी दाटते आणि मग ढवळता ढवळता पुन्हा सैल होते. दाटतच राहिली, तर पीठ बिनमोडाचे किंवा जास्त भाजलेले असण्याची शक्यता असते. पावसाळ्यात मोड चिकट झाले किंवा त्यांना कुबट वास आला, तर ती नागली टाकून द्यावी. वाळवल्याने दोष जात नाही.

एका वाटीचा हिशेब. सुमारे 7 किलो वजनाचे, सात महिन्यांचे, आईचे दूध नेहमीप्रमाणे पिणारे बाळ घेऊ. दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे साधारण 18 ग्रॅम, मोडाचे पीठ 150 मिलि. पाण्यात कालवून, गुठळी राहू न देता सुमारे दहा मिनिटे शिजवले, तर अर्धी मोठी वाटी, म्हणजे 130 ग्रॅमच्या आसपास पेज उरते. पिठातून सुमारे 58 किलोकॅलरी मिळतात. शिजल्यावर चहाचा एक चमचा तूप घातले की आणखी 45 येतात. म्हणजे ग्रॅममागे साधारण 0.8 किलोकॅलरी, पूरक आहाराची घनता किमान इतकी असावी असे मानले जाते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे 200 किलोकॅलरी लागतात, त्या अशा दोन वाट्यांत भागतात. बिनमोडाचे पीठ इतकेच सैल ठेवायचे तर जेमतेम एक चमचा मावतो, आणि तुपाविना वाटीत 30 किलोकॅलरीही भरत नाहीत.

ही मात्रा पहिल्या दिवसाची नव्हे. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा करतात आणि काही आठवड्यांत अर्ध्या वाटीपर्यंत नेतात. नऊ महिन्यांनंतर त्याच अर्ध्या वाटीच्या तीन-चार वेळा होतात आणि पेज घट्ट, थोडी खरबरीत ठेवतात. घट्टपणाची कसोटी चमचा: तिरका केला असता पेज त्यावर क्षणभर टिकून सावकाश घसरली पाहिजे. पाण्यासारखी सांडली तर पातळ. गार होताना ती आणखी दाटते, तेव्हा परीक्षा भरवण्याच्या कोमट अवस्थेत घ्यावी. बाटलीतून देण्यासाठी तिला पातळ करू नये. मीठ आणि साखर वर्षभर टाळावीत, मध तर कटाक्षाने. उरलेली पेज पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

मर्यादा. नागलीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे तिचे वैशिष्ट्य. लोहाबाबत लौकिक मात्र अतिरंजित आहे. वरच्या दोन वाट्यांत जेमतेम दीड मिलिग्रॅम लोह असते आणि तेही टरफलातील टॅनिन व फायटेटमुळे पुरते शोषले जात नाही. मोड आणल्याने फायटेट कमी होते, नाहीसे होत नाही. म्हणून पेजेबरोबर डाळ, अंडे, पालेभाजी लवकर सुरू करणे आवश्यक ठरते. सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा 1 मिलि. लोह-फॉलिक आम्ल द्रव देण्याची सरकारी योजनाही यासाठीच आहे.

सहा महिन्यांची अट. पूर्वी चार ते सहा महिने असे सैल सांगितले जाई. जागतिक आरोग्य परिषदेने 2001 मध्ये पूर्ण सहा महिने केवळ आईच्या दुधाची शिफारस केली. उष्टावणाच्या रूढीत मुलाला सहाव्या वा आठव्या, मुलीला पाचव्या वा सातव्या महिन्यात अन्न देतात. पाचव्याचा मुहूर्त असेल तर विधीपुरते बोट चाटवून पेजेची सुरुवात सहा महिने भरल्यावरच करावी, हे डॉक्टरांचे मत येथे ग्राह्य मानले आहे.