'योग शिबिराचे पाच फायदे': कॅरोसेलची संहिता आम्ही कशी लिहितो

निवासी योग शिबिरे, म्हणजे रिट्रीट, भरवणारे ग्राहक आमच्याकडे इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलसाठी, म्हणजे एकामागून एक स्लाइड सरकवत पाहायच्या पोस्टसाठी येतात, तेव्हा पाच फायद्यांची यादी बहुतेकांनी आधीच तयार ठेवलेली असते. ताण कमी होतो, मन शांत होते, शरीर लवचिक होते, सकारात्मक ऊर्जा मिळते, शरीर डिटॉक्स होते. ही यादी आम्ही बाजूला ठेवतो आणि तुमच्या शिबिराचे वेळापत्रक मागतो. असे का करतो आणि पुढे काय होते, ते या पत्रकात सांगितले आहे.

त्या यादीतले एकही वाक्य तुमचे नाही, हीच तिची अडचण आहे. शिबिराचे नाव झाकून ती वाचली तर शेजारच्या तालुक्यातल्या शिबिरालाही ती तशीच चालेल, एखाद्या जिमलाही चालेल. वाचणाऱ्याने ती शंभरदा पाहिलेली असते, म्हणून त्याचे बोट थांबत नाही. वेळापत्रकात मात्र तुमच्याकडे खरोखर काय घडते ते असते. ज्या फायद्यासाठी वेळापत्रकातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवता येते, तोच फायदा आम्ही संहितेत घेतो.

एक नमुना घेऊ. तीन दिवसांचे शिबिर, बारा जणांची तुकडी, दोन शिक्षक. पहाटे साडेपाचला उठणे, सहा ते साडेसात आसने, अकराला प्राणायाम, साडेबाराला जेवण, साडेचारला पुन्हा आसने, सातला हलके जेवण, आठला योगनिद्रा, साडेनऊला दिवे बंद. फोन दिवसभर कपाटात, संध्याकाळी अर्धा तास हातात.

यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती बारा जणांमागे दोन शिक्षक ही गोष्ट. घरी मोबाइलवर बघून भुजंगासन करणाऱ्याचे खांदे कानाकडे चढतात आणि सगळा भार कमरेवर येतो. व्हिडिओला ते दिसत नाही, शिक्षकाला दिसते. म्हणून पहिल्या फायद्याची स्लाइड अशी झाली:

"भुजंगासनात तुमचे खांदे कुठे असतात? व्हिडिओ ते सांगत नाही. इथे सहा जणांमागे एक शिक्षक आहे. चूक तिथल्या तिथे दिसते आणि सुधारते."

"शरीर लवचिक होते" या दाव्यापेक्षा हा दावा लहान आहे, पण तीन दिवसांत तो पुरा होतो. लवचिकपणा यायला कित्येक आठवड्यांचा सराव लागतो. चुकीचा खांदा मात्र पहिल्याच सकाळी खाली येऊ शकतो.

दुसरा फायदा झोपेचा. "गाढ झोप लागेल" असे आम्ही लिहीत नाही, कारण नव्या जागी पहिल्या रात्री अनेकांना झोपच येत नाही. आम्ही लिहितो: "आठला योगनिद्रा, साडेनऊला दिवे बंद. झोपेची वेळ सांभाळायला तीन रात्री कोणीतरी सोबत आहे." फायदा तोच आहे, पण ज्या गोष्टीची हमी तुम्ही देऊ शकता तेवढ्यावरच तो थांबतो. तिसरा फोनचा. इथे फोनला दूषणे देण्याचा मोह होतो, पण वाचणारा त्या क्षणी फोनच हातात धरून बसलेला असतो. त्याला खरी काळजी असते ती घरून फोन आला तर काय याची. म्हणून त्या स्लाइडवर कार्यालयाचा क्रमांक घरी देऊन ठेवता येतो, हे आधी येते आणि कपाट नंतर. चौथा जेवणाचा: वेळेवर, गरम, आणि काय शिजवायचे हे तीन दिवस दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले. घर सांभाळणाऱ्या बायकांना ही स्लाइड लगेच समजते. पाचवा, निघताना हातात मिळणारा वीस मिनिटांचा सराव, शिक्षकाने प्रत्येकासाठी लिहून दिलेला. तुमच्याकडे ही पद्धत नसेल तर आम्ही ती स्लाइड लिहीत नाही. फायदे चारच भरले तर पोस्टही चार फायद्यांची करतो.

डिटॉक्स आम्ही घेत नाही. रक्तातले नको ते बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रोजच करतात. तीन दिवसांच्या शिबिराने ते जास्त होते, असे सांगायला आधार नाही.

आजारांबाबत आम्ही याहून कडक आहोत. सुरुवातीच्या काळात एका शिबिरासाठी आम्ही "पाठदुखीला कायमचा निरोप" असे लिहिले. ते वाचून मणक्याची चकती सरकलेल्या एक बाई आल्या आणि पुढे वाकण्याच्या आसनांत त्यांचे दुखणे वाढले. ती ओळ आमची होती. जुन्या कंबरदुखीत योगाने थोडा ते मध्यम फरक पडतो असे अभ्यासांत दिसले आहे, पण ते आठवडेच्या आठवडे चाललेल्या नियमित सरावाचे निष्कर्ष आहेत, तीन दिवसांचे नाहीत. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोटी हमी देणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते आणि त्या कायद्याच्या कक्षेत सेवाही येतात. त्या प्रसंगापासून पाच फायद्यांनंतर एक स्लाइड आम्ही नेहमी ठेवतो: "गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, मणक्याचा त्रास, वाढलेला रक्तदाब, काचबिंदू: यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हाला कळवा." ही स्लाइड काढा असे काही ग्राहक म्हणतात. आम्ही ती काढत नाही.

आता स्लाइडचा क्रम. मुखपृष्ठ, पाच फायदे, कोणी आधी विचारावे, आणि शेवटी तारीख-शुल्क-संपर्क, अशा आठ स्लाइड होतात. पोस्ट पुढे न सरकवता निघून गेलेल्याला इन्स्टाग्राम कधी कधी तीच पोस्ट दुसऱ्या स्लाइडपासून पुन्हा दाखवते. त्यामुळे दुसऱ्या स्लाइडवर "नमस्कार, आज आपण पाहणार आहोत" असे स्वागत नको. सर्वांत जोरकस फायदा तिथे हवा आणि मुखपृष्ठ न पाहताही तो कळायला हवा. भुजंगासनाचा प्रश्न म्हणूनच दुसऱ्या जागी आहे. मुखपृष्ठावर सात-आठ शब्द, आतल्या स्लाइडवर पंचवीसच्या आसपास. त्याहून जास्त मजकूर झाला की अक्षर बारीक करावे लागते, आणि देवनागरीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात.

मांडणी तुमचा डिझायनर करणार असेल तर त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. "दुसऱ्या", "सुट्ट्या" आणि "श्वास" हे तीन शब्द निवडलेल्या फॉन्टमध्ये आधी लिहून पाहायचे. काही फॉन्टमध्ये "ऱ्या" तुटतो, जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेला ट दिसतो, तर काहींत श हिंदी वळणाचा येतो. मराठी वाचकाला ते लगेच खटकते आणि मजकूर परक्याने लिहिल्यासारखा वाटतो.

संहिता हाती आली की ती घरातल्या कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवा, शिबिराचे नाव वगळून. "हे कुठलं गं?" असा प्रश्न आला तर संहिता जमली. "सगळीकडे हेच असतं" असे उत्तर आले तर आमच्याकडे परत पाठवा. पोस्ट टाकल्यावर संदेशांत नुसते "किती पैसे?" येत राहिले, तर शेवटच्या स्लाइडवर शुल्क नीट दिसत नाही असे समजा. "माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, येऊ का?" असे विचारणारे येऊ लागले, की सातवी स्लाइडसुद्धा वाचली जाते आहे.

सुरुवातीला आम्हाला तुमच्याकडून वेळापत्रक, तीन दिवसांच्या जेवणाची यादी, तुकडीची संख्या आणि शिक्षकांशी अर्ध्या तासाचे बोलणे हवे असते. फोटो नंतर दिलेत तरी चालतील.