अगार जिलेटिनच्या जागी चालतं, पण सगळीकडे नाही

जेली थिजवायला वापरतात ते अगार-अगार वनस्पतिजन्य आहे का, याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर 'हो'. ते तांबड्या समुद्री शैवालांपासून काढतात आणि त्यात प्राण्याचा अंश नसतो. काटेकोर जीवशास्त्रज्ञ म्हणतील की शैवालाला जमिनीवरच्या झाडांसारखी मुळं, खोड, पानं नसतात, त्यामुळे सरसकट वनस्पती म्हणताना जरा जपून. ताटात काय वाढायचं हे ठरवताना त्या वादाने काही बिघडत नाही. जिलेटिन मात्र जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनापासून बनतं. म्हणजे जिलेटिन प्रथिन, तर अगार शर्करेच्या लांब साखळ्यांचा कर्बोदक पदार्थ. दोन्ही पाण्याला थिजवतात, एवढंच त्यांच्यातलं साम्य, आणि पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

अगार मुख्यतः जेलिडियम आणि ग्रॅसिलारिया या शैवालांच्या पेशीभित्तिकांत असतं. लाटांच्या माऱ्यात शैवाल तुटू नये, वाकून पुन्हा सरळ व्हावं, यासाठी लागणारी लवचीकता त्याला याच पदार्थाने मिळते. ते बाहेर काढण्यासाठी शैवाल धुऊन वाळू-मीठ काढतात आणि पाण्यात बराच वेळ उकळतात. अगार गरम पाण्यात उतरतं, मग ते गाळून थंड केलं की थिजतं. ग्रॅसिलारियाच्या साखळ्यांवर सल्फेटचे गट जास्त असतात, म्हणून तिचं अगार नुसतं उकळून काढलं तर लिबलिबीत होतं. त्यावर उपाय म्हणून शैवाल आधी अल्कलीच्या गरम द्रावणात ठेवतात. सल्फेट निघून जातं आणि गोळा घट्ट बसतो.

आता हाती असतो तो जवळपास सगळा पाण्याचाच गोळा, त्यात अगार साधारण एक टक्का. एवढं पाणी उष्णता देऊन उडवायचं तर इंधन फार लागेल. जपानमध्ये यावर फार जुनी युक्ती आहे. नागानोसारख्या थंड डोंगराळ भागात थिजलेलं अगार हिवाळ्यात उघड्यावर मांडतात. रात्री त्यातलं पाणी गोठतं, दिवसा वितळून वाहून जातं, आणि जाताना क्षार आणि रंगही घेऊन जातं. काही दिवसांनी उरतो तो हलका, सच्छिद्र, कोरडा पदार्थ, ज्याला तिथे कांतेन म्हणतात. कारखान्यांतही गोठवणं-वितळवणं वापरतात, किंवा दाब देऊन पाणी पिळून काढतात. हे लक्षात असू द्या, कारण अगारने थिजवलेला गोड पदार्थ फ्रीजरमध्ये ठेवला तर नेमकं हेच घडतं. वितळल्यावर पाणी वेगळं सुटतं आणि ताटलीत स्पंजासारखा चोथा राहतो.

जिलेटिन आणि अगार यांतला खरा फरक पहिल्यांदा नीट जाणवला तो प्रयोगशाळेत. १८८१ साली वाल्टर हेस हे जर्मन डॉक्टर, रोगजंतूंचे नामवंत संशोधक रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. जिवाणू वाढवायला पोषक द्रव जिलेटिनने थिजवायची पद्धत होती. पण उन्हाळ्याच्या दिवसांत जिलेटिन वितळायचं, आणि रोगजंतूंना हवं तसं ३७ अंश तापमान ठेवायचं तर ते टिकणं अशक्यच. वर काही जिवाणू त्यातलं प्रथिन पचवून टाकायचे, की थाळीत नुसतं पातळ पाणी. हेस यांची पत्नी फॅनी, जी त्यांना प्रयोगशाळेत मदत करायची, मुरंबे-जेली थिजवायला अगार वापरत असे. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला ते कळलं होतं. तिने सुचवलं आणि अडचण मिटली. १८८२ च्या क्षयरोगावरच्या निबंधात कॉख यांनी अगारचा उल्लेख केला, फॅनीचा नाही. आज जगभरातल्या प्रयोगशाळांतल्या थाळ्या तिच्या सूचनेवर चालतात, हे मला त्या निबंधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

अगार एवढं का तग धरतं? जिलेटिन थंड झालं की त्याच्या साखळ्या एकमेकींभोवती गुंडाळल्या जातात, पण त्यांना धरून ठेवणारे बंध दुबळे असतात. ३० ते ३५ अंशांच्या आसपास ते सुटतात, म्हणून जिलेटिनची जेली जिभेवर विरघळते. अगारच्या साखळ्या जोडीजोडीने पीळ घेतात आणि मग ते पीळ एकत्र येऊन जाड जुडगे बनतात. ते सुटायला साधारण ८५ अंश लागतात. गंमत म्हणजे थिजायला मात्र ते ३२ ते ४० अंशांपर्यंत उतरावं लागतं. थिजतं कमी तापमानाला आणि वितळतं त्याच्या दुपटीहून जास्त तापमानाला, हा अगारचा खास स्वभाव.

एक उदाहरण घेऊ. ताज्या अननसाच्या रसाची जेली करायची आहे. जिलेटिनने ती बसतच नाही, कारण न शिजवलेल्या अननसातलं ब्रोमेलेन हे विकर प्रथिनाचे तुकडे करतं. अगार प्रथिन नसल्याने त्याला काही होत नाही. अर्ध्या लिटर जेलीसाठी ४ ग्रॅम अगार पूड पुरते. पूड २०० मिली थंड पाण्यात ढवळून, सतत हलवत उकळी आणा आणि दोन-तीन मिनिटं उकळत ठेवा. पाणी नुसतं गरम करून भागत नाही. दाणे विरघळले नाहीत तर जेली खरखरीत होते आणि अर्धवट बसते. रस मात्र अगारबरोबर उकळू नका, आंबट द्रवात जास्त वेळ उकळल्यास साखळ्या तुटून जेली ढिली पडते.

आता त्यात ३०० मिली रस घालायचा. रस थेट फ्रीजमधून काढलेला, म्हणजे ५ अंशांचा असेल, तर ९५ अंशांच्या २०० मिली द्रावणात मिसळून सगळं ४१ अंशांच्या आसपास येतं. थिजायची वेळ होतच आली, त्यामुळे हलवता-हलवताच गुठळ्या धरतात. तोच रस २५ अंशांचा असेल तर मिश्रण ५३ अंशांना राहतं, आणि साच्यात ओतायला भरपूर वेळ मिळतो. गुठळ्या झाल्याच तर फेकू नका, पुन्हा उकळा. साच्यात ओतण्याआधी थेंबभर थंड ताटलीवर टाकून बघा, मिनिटाभरात घट्ट झाला तर प्रमाण ठीक आहे.

अशी जेली फ्रीजबाहेरही टिकते, पण तोंडात विरघळत नाही, तुटते. दोनेक दिवस ठेवली तर थोडं पाणी सोडते. जिलेटिनचा तो लवचीक, डुलणारा पोत हवा असेल तर अगारमध्ये लोकस्ट बीन गम, म्हणजे कॅरब झाडाच्या बियांपासून काढलेला डिंक, थोडा मिसळतात. मार्शमॅलोसारख्या पदार्थांत जिलेटिन हवेचे बुडबुडे धरून ठेवतं, ते काम एकटं अगार करू शकत नाही, कितीही पूड घातली तरी. तिथे फेस धरणारा दुसरा पदार्थ, उदाहरणार्थ छोले शिजवलेलं पाणी, जोडीला लागतो.