ईटीएफची किंमत आणि मूळ मूल्य : निर्मिती व परतफेड

एक्स्चेंज ट्रेडेड फंडाचे, म्हणजे ईटीएफचे, युनिट शेअर बाजारात दिवसभर विकत घेता येते आणि विकता येते. त्यामुळे त्याला एकाच वेळी दोन किमती असतात. एक बाजारातली, म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्यात ठरणारी. दुसरी एनएव्ही, म्हणजे फंडाकडे असलेल्या शेअरांचे, सोन्याचे किंवा रोख्यांचे प्रत्येक युनिटमागे निघणारे मूल्य. या दोन्ही सारख्या असाव्यात असे कोणताही नियम बाजाराला सांगत नाही. तरीही निफ्टी ५०वर आधारलेल्या मोठ्या ईटीएफमध्ये त्यांच्यातला फरक बहुतेक वेळा काही पैशांचाच असतो. याचे कारण असे की युनिटांची संख्या ठरलेली नसते. किंमत वर गेली की नवी युनिटे तयार करता येतात, खाली गेली की असलेली युनिटे मोडून शेअर परत घेता येतात.

ही सोय नसेल तर काय होते, हे मुंबईच्या बाजाराने ईटीएफ येण्याआधीच पाहिले होते. १९९४मध्ये आलेला मॉर्गन स्टॅनली ग्रोथ फंड मुदतबंद होता. पैसे फंडाकडून थेट परत मागायची सोय नव्हती, युनिट विकायचे तर बाजारातच विकावे लागे. सुरुवातीला अर्जांसाठी रांगा लागल्या, पण पुढे अनेक वर्षे त्याचे युनिट एनएव्हीपेक्षा बऱ्याच कमी भावाने मिळत राहिले. दहा रुपयांचा माल आठ रुपयांना दिसत असूनही तो घेऊन दहा रुपये वसूल करण्याचा मार्ग कोणाकडेच नव्हता.

तो मार्ग अमेरिकेत सुचला तो गोदामाच्या पावतीवरून. नेथन मोस्ट हे अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजमध्ये नवी साधने तयार करण्याचे काम पाहत आणि त्याआधी त्यांनी खाद्यतेलासारख्या मालाच्या व्यापारात काम केले होते. त्या व्यापारात माल गोदामात पडून असतो आणि हातोहात फिरते ती त्याची पावती. माल आणून दिला की पावती मिळते, पावती परत केली की माल मिळतो. शेअरांचा संच गोदामात ठेवून त्याच्या पावत्या बाजारात फिरवायच्या, या कल्पनेतून जानेवारी १९९३मध्ये एसअँडपी ५०० निर्देशांकाचा पहिला अमेरिकन ईटीएफ उभा राहिला. भारतात बेंचमार्क म्युच्युअल फंडाचा निफ्टी बीज जानेवारी २००२मध्ये एनएसईवर आला. ईटीएफ समजून घ्यायला गोदाम आणि पावती ही जोडी आजही पुरते.

या गोदामाचे दार मात्र सर्वांना उघडे नसते. फंड घराणे ज्यांच्याशी करार करते ते मार्केट मेकर, म्हणजे बाजारात सतत खरेदी-विक्रीचे भाव लावणारे व्यावसायिक, आणि सेबीच्या नियमानुसार २५ कोटी रुपयांहून मोठा व्यवहार करणारे गुंतवणूकदार, एरवी एवढेच थेट फंडाशी व्यवहार करतात. तोही सुट्या युनिटांत होत नाही, ठरावीक गठ्ठ्यातच होतो. या गठ्ठ्याला क्रिएशन युनिट म्हणतात आणि त्याचा आकार प्रत्येक ईटीएफच्या कागदपत्रांत दिलेला असतो. एका गठ्ठ्यासाठी कोणते शेअर किती द्यायचे याची यादी फंड घराणे रोज जाहीर करते. यादीतल्या शेअरांबरोबर थोडी रोकडही द्यावी लागते, कारण फंडात जमलेला लाभांश आणि शेअरांच्या अपूर्णांकांचा हिशेब त्याशिवाय जुळत नाही.

एक उदाहरण पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत. निफ्टी २५,००० वर आहे आणि एका युनिटचे मूल्य निर्देशांकाच्या शंभराव्या भागाइतके, म्हणजे २५० रुपये आहे. गठ्ठा ५०,००० युनिटांचा धरू. त्यामागचे शेअर सव्वा कोटी रुपयांचे होतात. सकाळी छोट्या गुंतवणूकदारांची खरेदी अचानक वाढली आणि युनिटचा भाव २५२ झाला. मार्केट मेकर आपल्याजवळच्या साठ्यातली ५०,००० युनिटे २५२ला विकतो आणि त्याच वेळी निफ्टीतले पन्नास शेअर यादीतल्या प्रमाणात विकत घेतो. ते शेअर आणि रोकड तो फंडाला देतो, फंड त्याला ५०,००० नवी युनिटे देतो आणि त्याचा साठा पूर्ववत होतो. युनिटमागे दोन रुपये, म्हणजे एकूण एक लाख रुपये त्याच्याकडे उरतात.

यातून खर्च वजा करायला हवा. शेअरांच्या खरेदीवर ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा सरकारी कर, त्याचे १२,५०० रुपये. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, म्हणजे १,८७५ रुपये. मोठी खरेदी करताना शेअरांचे भाव थोडे वर सरकतात, त्यासाठी ०.०५ टक्के धरले तर आणखी ६,२५०. एकूण २०,६२५ रुपये, युनिटमागे साधारण ४१ पैसे. याचा अर्थ, भाव मूल्यापेक्षा ४१ पैशांहून जास्त वर असेल तरच हा उद्योग परवडतो. भाव २५०.३० असेल तर मार्केट मेकर हलणार नाही. म्हणून ईटीएफचा भाव एनएव्हीला चिकटलेला नसतो. तो खर्चाने आखलेल्या एका पट्ट्यात फिरतो. शेअर सहज मिळणारे असले की पट्टा अरुंद राहतो. छोट्या कंपन्यांचे शेअर असले की तो रुंदावतो.

भाव २४८वर घसरला तर सगळे उलट्या दिशेने चालते. मार्केट मेकर बाजारातून स्वस्त युनिटे गोळा करतो, गठ्ठा फंडाला परत देतो, फंड त्या युनिटांची नोंद रद्द करून शेअर त्याच्या खात्यात टाकतो आणि तो ते २५०च्या हिशेबाने विकतो. त्याच्या खरेदीमुळे युनिटचा भाव वर येतो, विक्रीमुळे शेअरांचे भाव किंचित खाली येतात आणि दोन्ही एकमेकांकडे सरकतात. प्रत्यक्षात तो दर वेळी लगेच फंडाकडे धावत नाही. निफ्टीचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, घेऊन किंवा विकून तो तात्पुरता जोखमीबाहेर राहतो आणि दिवसाअखेरीस जेवढा साठा कमी-जास्त झाला असेल तेवढीच निर्मिती किंवा परतफेड करतो. दार उघडे आहे ही खात्री त्याला असते, म्हणूनच तो दिवसभर खरेदी-विक्रीचे भाव लावून बसू शकतो. फंड शेअरांऐवजी रोख रक्कमही घेऊ शकतो. तेव्हा शेअर फंड स्वतः खरेदी करतो आणि तो खर्च गठ्ठा मागणाऱ्याकडून वसूल करतो, त्यामुळे फंडातल्या जुन्या गुंतवणूकदारांना तो सोसावा लागत नाही.

या यंत्रणेचा सर्वांत बोलका पुरावा ती अर्धी बंद पडली तेव्हा मिळाला. भारतीय म्युच्युअल फंडांनी परदेशी शेअरांत एकत्रितपणे किती पैसा गुंतवायचा याला ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आल्यामुळे फेब्रुवारी २०२२च्या सुरुवातीपासून फंडांना परदेशी शेअरांत नवी गुंतवणूक थांबवावी लागली. जून २०२२मध्ये थोडी ढील मिळाली, ती फक्त १ फेब्रुवारीच्या पातळीपर्यंत. म्हणजे लोकांनी पैसे काढून घेतल्यावर जेवढी जागा मोकळी होईल तेवढीच भरता येणार. नॅसडॅक १०० किंवा एसअँडपी ५००मधल्या मोठ्या कंपन्यांवरच्या भारतीय ईटीएफसाठी याचा परिणाम सरळ होता. नव्या युनिटासाठी नवे डॉलर बाहेर पाठवावे लागतात आणि तेच पाठवता येईनात. निर्मितीचे दार बंद झाले, परतफेडीचे उघडे राहिले.

मागणी थांबली नाही. अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांचे भाव चढत होते आणि युनिटे मात्र होती तेवढीच. पुढे अशा काही ईटीएफचे भाव मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक वर गेले आणि बराच काळ वरच राहिले. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की फरक एकाच दिशेने वाढू शकत होता. भाव मूल्याखाली गेला असता तर युनिटे मोडून शेअरांचे पैसे घ्यायला मार्केट मेकर तयारच होते. छत गेले होते, जमीन शाबूत होती.

अशा वेळी घेणाऱ्याचे नुकसान निर्देशांक चढत असतानाही होऊ शकते. १०० रुपये मूल्याचे युनिट कोणी ११५ला घेतले. वर्षभरात निर्देशांक १० टक्के वाढला आणि मूल्य ११० झाले. दरम्यान नवी युनिटे सुरू होऊन जादा भाव २ टक्क्यांवर आला, तर बाजारभाव ११२.२० राहील. निर्देशांक १० टक्के वर, आणि घेणारा सुमारे २.४ टक्के तोट्यात. ही रक्कम कंपन्यांकडे किंवा फंडाकडे जात नाही. ती आधीच युनिटे बाळगून असलेल्या आणि त्याला विकणाऱ्या माणसाच्या खिशात जाते.

जादा भाव ओळखायचा तर कालच्या एनएव्हीशी तुलना करून उपयोग नाही, कारण बाजार रात्रीतून हललेला असतो. त्यासाठी आय-नॅव्ह असते, म्हणजे दिवसभर मोजले जाणारे अंदाजे मूल्य. भारतीय शेअरांच्या ईटीएफमध्ये ते जास्तीत जास्त १५ सेकंदांच्या उशिराने दाखवणे सेबीने बंधनकारक केले आहे. तुलना करताना शेवटच्या सौद्याचा भाव धरू नये. घ्यायचे असेल तर विकणारा काय मागतो आहे आणि किती युनिटांसाठी, हे पाहावे. अमेरिकी ईटीएफच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मुंबईचा बाजार साडेतीनला बंद होतो आणि न्यूयॉर्कचा संध्याकाळी सात-आठला उघडतो. दोन्ही नियमित सत्रे एकाच वेळी कधीच चालू नसतात. आय-नॅव्हमधले शेअरांचे भाव शिळे असू शकतात आणि टक्का-दीड टक्क्याचा फरक निव्वळ आज रात्री काय होईल याचा बाजाराने बांधलेला अंदाज असू शकतो. तोच फरक आठवडेच्या आठवडे आणि दोन आकडी राहिला, तर मात्र दार बंद आहे असे समजावे.

रोख्यांच्या ईटीएफमध्ये अडचण वेगळी असते. मार्च २०२०मध्ये अमेरिकेत कंपनी रोख्यांच्या मोठ्या ईटीएफचे भाव मूल्याखाली गेले, एका प्रसिद्ध फंडात सुमारे ५ टक्क्यांनी. तिथे दार उघडेच होते. पण त्या दिवसांत अनेक रोख्यांचे सौदेच होत नव्हते आणि एनएव्ही जुन्या भावांवर उभी होती. युनिटे मोडून हाती आलेला रोखा त्या भावाने विकता येईल याची खात्री नसल्यामुळे मार्केट मेकर पुढे येईनात. ईटीएफचा भाव चुकला होता, की एनएव्हीच मागे राहिली होती? माझ्या मते दुसऱ्या गोष्टीचा वाटा मोठा होता.

लहान गुंतवणूकदाराला सेबीने मे २०२२च्या परिपत्रकाने एक थेट वाट दिली आहे. ईटीएफचा भाव सलग सात दिवस मूल्यापेक्षा १ टक्क्याहून अधिक खाली राहिला, किंवा सलग तीन दिवस बाजारात भावच लागला नाही, तर २५ कोटींपर्यंतची युनिटे फंड घराण्याला थेट परत करता येतात आणि त्यावर एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडण्याचे शुल्क, लागत नाही. ही वाट विकणाऱ्यासाठी आहे. चढ्या भावाने घेणाऱ्यासाठी अशी तरतूद नाही, कारण फंड असलेले युनिट परत घेऊ शकतो, पण मर्यादा भरलेली असताना नवे तयार करून देऊ शकत नाही.